त्या ह्याच्यात

"हो हो, सोडलं त्याला. आत्ताच. त्या… त्या ह्याच्यात."

फाटकापाशी उभा राहून एक तरुण बाबा फोनवर बोलत होता. एका हाताने फोन कानाशी धरलेला, दुसऱ्या हातात मुलाचा एकच बूट. रडारडीत तो पायातून निघाला होता आणि आत द्यायचा राहून गेला होता. आतून रडण्याचा आवाज येत होता, पण आता तो हुंदक्यांवर आला होता. मी चार पावलांवर उभी होते. आमच्या दोघांच्या डोक्यावर नवाकोरा फलक होता आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'क्रीडांकुर'. ते नाव मी दिलं होतं. त्या बाबाने मान वर करून फलकाकडे एकदा पाहिलंसुद्धा. ओठ किंचित हलले, मग त्याने नाद सोडला आणि म्हणाला, "त्या ह्याच्यात." फोन ठेवला, बूट आत दिला, निघून गेला. मी मात्र दिवसभर ते दोन शब्द चघळत राहिले. स्वतःचं दोन वर्षांचं मूल आपण कुठे ठेवून आलो, हे सांगायला त्या माणसाला जागेचं नाव सापडलं नव्हतं. सर्वनामावर भागवावं लागलं होतं.

माझ्या मैत्रिणीने दीड ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ही जागा सुरू केली, तेव्हा नाव मी द्यायचं हे न बोलता ठरलेलं होतं. शब्दांची आवड मला, मुलांची तिला. मी आठवडाभर विचार केला. क्रीडा म्हणजे खेळ. अंकुर म्हणजे कोवळं, जपायला हवं असं काहीतरी. दोन्ही अर्थ एका शब्दात सांधले गेले, संधीही नियमाप्रमाणे झाला. तिला पाठवलं तेव्हा तिने लगेच होकार दिला आणि मला फार बरं वाटलं. पुढच्या आठ महिन्यांत ते नाव मी कुणाच्याही तोंडून ऐकलं नाही. पालक 'निळ्या फाटकाकडे' म्हणत, 'बाईंकडे' म्हणत, 'तिकडे' म्हणत. पावतीवर नाव होतं, फलकावर होतं, बोलण्यात नव्हतं.

सुरुवातीला मला वाटलं, शब्द जड आहे, एवढंच. पण नुसता जड म्हणून थांबणं पुरेसं नव्हतं. मग मी दुपारी तिथे जाऊन बसायला लागले आणि मुलांची तोंडं पाहू लागले. अगदी शब्दशः तोंडं. मूल बोलायला लागतं तेव्हा पहिल्यांदा येतात ते ओठ मिटून उघडण्याचे आवाज. म, ब, प. सोबत सताड उघडा आ. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी यावर फार मूलभूत लिहून ठेवलंय. जगभरच्या भाषांत आई-बापांसाठीचे शब्द एकमेकांसारखे का, याचं कारण त्यांनी तिथेच शोधलं. मग दातांपाशी जीभ लावून होणारे त आणि द. घशाजवळचे क आणि ग काही मुलांना बराच काळ जमत नाहीत, त्यांचा 'काका' 'ताता' होतो. र उशिरा येतो, त्याचा तोवर ल किंवा य होत राहतो. ळसुद्धा मागचाच. आणि जोडाक्षर सगळ्यात शेवटी. त्यातला एक वर्ण मूल सरळ गाळून टाकतं. आता 'क्रीडांकुर' कडे पाहा. पहिलंच अक्षर क आणि र यांचं जोडाक्षर, मग ड, मध्ये अनुस्वार, पुन्हा क, शेवटी र. दोन वर्षांच्या मुलाला जे जे येत नाही, त्या सगळ्याची मी एकात एक माळ ओवली होती. एका मुलीने तरी धाडस केलं. ती म्हणाली, "दातूल." तिच्या आईला ते कळलंच नाही, तिला वाटलं दात दुखतोय.

आणि मोठी माणसं लहान मुलांशी बोलताना मुलाचाच शब्द उचलतात. मुलाने गाडीला 'दादी' म्हटलं की आजोबाही 'दादी' म्हणायला लागतात. ज्या नावाला मुलाच्या तोंडात जागा नाही, ते घरात शिरतच नाही. घरात शिरलं नाही, तर सकाळच्या घाईत, फोनवर, शेजाऱ्याशी बोलताना ते जिभेवर येणार कुठून? त्या बाबाचं विसरणं हे विसरणं नव्हतंच. ते नाव त्याने घरात कधी ऐकलं नव्हतं.

नाव सगळं सांगतं आणि तरी कुणी ते उच्चारत नाही, ही अडचण माझ्या एकटीची नव्हे. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी जी संस्था काढली, तिच्या मूळ नावात 'जोपासना', 'खेळ' आणि 'उद्योग' हे तिन्ही शब्द एकापुढे एक जोडलेले होते आणि वर 'संस्था' हा शब्द होताच. आपल्याला हवं ते सगळं त्यात होतं, जपणं आणि खेळणं दोन्ही. पण ते नाव म्हणजे कामाची यादी होती. तीन वर्षांनी, १८४० मध्ये, त्यांना 'किंडरगार्टन' सुचलं. मुलांची बाग. यात खेळ हा शब्द नाही आणि सुरक्षितता तर नाहीच नाही. तरी दोन्ही आहे, कारण बाग म्हटलं की कुंपण आलं, माळी आला, माती आली, आणि आत मोकळं फिरणं आलं. 'गार्टन' या शब्दाच्या मुळाशी वेढलेली, कुंपण घातलेली जागा हाच अर्थ आहे. मला आश्चर्य वाटलं ते हे की आपली 'वाडी'ही त्याच वाटेची. संस्कृत 'वाट' म्हणजे आवार, कुंपण. त्यावरून वाडा आणि वाडी. 'बालवाडी' म्हणताना आपण न कळत कुंपणाचं नाव घेतो आणि कुणालाही ते कोंडल्यासारखं वाटत नाही. पुढे ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालवाडी थेट मुलांच्या अंगणात नेली आणि 'अंगणवाडी' हा शब्द रुजला. त्यातही तेच. घराच्या हाकेच्या अंतरावर, तरी उघड्यावर. या तिन्ही नावांनी गुण सांगितला नाही, जागा दाखवली. मी मात्र गुणांची बेरीज केली होती.

आठ महिन्यांनी जागा बदलायची वेळ आली. फलक नवा करावाच लागणार होता. मैत्रीण म्हणाली, "या वेळी तू नाव देऊ नकोस. आपण दोघी शोधू." तिच्या आवाजात राग नव्हता, पण मला ते लागलं, आणि ते बरोबरही होतं.

आम्ही कागदावर दोन रांगा केल्या. एकीकडे जपण्याचे शब्द, दुसरीकडे खेळाचे. जपण्याच्या रांगेत ऊब, माया, कुशी, सावली, ओंजळ, घरटं. खेळाच्या रांगेत उडी, झोका, टप्पा, भिंगरी, चेंडू, गडबड. मोठ्याने वाचताना लक्षात आलं की दोन रांगांचा आवाजच वेगळा आहे. पहिली रांग म, व, ल, श, ओ, ऊ यांची. ओठ गोल होतात, श्वास लांबतो. दुसरी रांग ट, ड, झ, प यांची. जीभ आपटते, सुटते, परत आपटते. आवाजाला आकार असतो ही गोष्ट मानसशास्त्रात बरीच जुनी आहे. रामचंद्रन आणि हबर्ड यांनी २००१ मध्ये लोकांना दोन आकृत्या दाखवल्या, एक गोलसर आणि एक टोकदार, आणि विचारलं, यातलं 'बूबा' कोण आणि 'किकी' कोण. जवळजवळ सगळ्यांनी गोल आकृतीला 'बूबा' म्हटलं. म्हणजे आमची अडचण अर्थाच्या आधीच सुरू होत होती. जपणं गोल होतं, खेळ टोकदार होता. एकाच छोट्या शब्दात दोन्ही हवं, तर त्यात थोडा आपटणारा आणि थोडा लांबणारा असे दोन्ही आवाज लागणार.

'सुरक्षा', 'अभय', 'निर्भय' असले शब्द आम्ही रांगेत घेऊन लगेच खोडले. मैत्रिणीची आई, मी त्यांना काकू म्हणते, त्यांनी तर सरळच सांगितलं, "निर्भय म्हटलं की मला भयच ऐकू येतं." खरं आहे ते. सुरक्षा हा शब्द ऐकला की पहारेकरी आठवतो, आणि पहारेकरी आठवला की ज्याच्यासाठी पहारा ठेवला तो धोका. दीड वर्षाचं मूल सोडून निघालेल्या आईला फाटकावर तो शब्द वाचायला लागू नये.

मग मला तो फोन पुन्हा आठवला. 'त्या ह्याच्यात.' त्या बाबाचं वाक्य अडलं ते त्या 'त'पाशी. मराठीत नाव कधी सुटं राहत नाही. त्याला ला लागतो, त लागतो, तून लागतो, आणि लागताना शब्द आपलं रूप बदलतो. झोका फलकावर झोका असतो, बोलण्यात झोक्यात होतो. मूल आणि पालक दोघंही मूळ शब्दापेक्षा हे बदललेलं रूपच जास्त ऐकणार. म्हणून आम्ही नुसते शब्द वाचणं थांबवलं आणि प्रत्येक शब्द चार वाक्यांत घालून पाहायला लागलो. सकाळचं वाक्य, 'चल, अमक्याला जायचंय.' कामावरून फोनवर बोललेलं वाक्य, 'तो अमक्यात आहे.' मुलाचं दोन शब्दी वाक्य, 'अमकं जा.' आणि चौथं, जे मैत्रिणीने आग्रहाने घातलं, 'अमक्यातून फोन आला होता, तो पडलाय.' ती म्हणाली, हे वाक्य वर्षातून एकदा तरी प्रत्येक घरात बोललं जाणार. दीड-दोन वर्षांची मुलं पडतातच. त्या दिवशी नाव पालकांच्या अंगावर येता कामा नये.

या चौथ्या वाक्याने भराभर शब्द गळले. पडवी मला फार आवडला होता. घराला लागून, वर छप्पर, समोर मोकळं. पण 'पडवीत पडला' हे मोठ्याने म्हटलं आणि आम्ही दोघी गप्प झालो. शब्दातच पड बसलेलं होतं. ओंजळ जवळजवळ पक्की झाली होती. मुलाचा पाण्याशी, वाळूशी पहिला खेळ ओंजळीचाच, आणि धरून ठेवणारे हातही तेच. पण ओंजळीचं मराठीतलं नशीब असं की तिच्यातून सगळं निसटतं. परस हा शब्द छोटासाच, घरामागची मोकळी, राखलेली जागा. मी हरखून काकूंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्या लहानपणी परसाकडे जाऊन येते म्हटलं की लोक तांब्या द्यायचे." तो शब्दही गेला. नाव ठरवताना सत्तरी ओलांडलेलं एक माणूस खोलीत हवंच, हे मी त्या दिवशी शिकले. शब्दाचे मागचे दरवाजे त्यांनाच माहीत असतात.

कुशी चारही वाक्यांत गोड होती. 'तो कुशीत आहे' यापेक्षा धीर देणारं वाक्य मराठीत शोधून सापडणार नाही. सामान्यरूपात शब्द बदलत नाही, मुलांनाही 'कुची' म्हणता येत होतं. फोनवर मात्र दर दुसऱ्या माणसाला 'खुशी' ऐकू यायचं, पण तेवढ्यासाठी आम्ही तो सोडला नाही. सोडला तो एका आईमुळे. तिला विचारलं तर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "कुशी तर माझी आहे ना?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता, पण प्रश्न खराच होता. मूल सोडून जाणाऱ्या आईला आधीच वाटत असतं की आपलं काहीतरी दुसऱ्याच्या हाती गेलं. त्यात फलकानेच तिची जागा घेतली, तर ती त्या जागेवर विश्वास ठेवेल कसा? शिवाय कुशीत मूल झोपतं. खेळायला त्याला कुशीतून उतरावं लागतं.

बाग मात्र वेगळ्याच कारणाने सुटली, आणि ते कारण मला अजून महत्त्वाचं वाटतं. फ्रोबेलचा शब्द, एका झटक्यात म्हणता येणारा, आणि त्यातला 'बा' तरी कुठल्याही मुलाला येणारा. बागडणे हे क्रियापदही त्यात लपलेलं. पण दोन वर्षांच्या मुलाला बाग ही जागा आधीच ठाऊक असते. तिथे तो आईबरोबर जातो आणि आईबरोबर परत येतो. 'चल, बागेत जाऊ' म्हणून त्याला उचललं, आणि इथे आणून सोडून आपण निघून गेलो, तर ते त्याच्याशी खोटं बोलणं झालं. त्याच्यापाशी शब्दच मोजके असतात. त्यातला एक आपण फोडून टाकायचा? पालकांना नाव आश्वासक वाटावं म्हणून मुलाचा भरवसा मोडायचा, हे मैत्रिणीला मान्य नव्हतं, मलाही नव्हतं. मुलाच्या ओळखीच्या दुसऱ्या जागेचं नाव नको, ही आमची एकमेव अट अशी झाली जिच्यावर कधी वाद झाला नाही.

शेवटी राहिला झोका. झोक्यात मला जे दिसत होतं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. त्या दुपारी बसून पाहताना एक खेळ मला सतत दिसायचा. ताई ओढणीने तोंड झाकायची, मूल स्तब्ध व्हायचं, मग 'बुवाऽ कुक!' आणि मूल खदखदून हसायचं. दहा वेळा, वीस वेळा, तितक्याच आनंदाने. नव्याने आलेली, सकाळभर रडलेली मुलंसुद्धा या एका खेळाला हसायची. हळूहळू माझ्या लक्षात आलं की फाटकावरचं रडणं आणि हे हसणं एकाच गोष्टीचं आहे. चेहरा जातो. चेहरा परत येतो. फाटकावर मूल रडतं ते जागा वाईट आहे म्हणून नव्हे. गेलेला चेहरा परत येईल याची त्याला अजून खात्री नसते. झोक्यातही तेच आहे, जाणं आणि परत येणं. पण झोक जाणे म्हणजे तोल जाणे, झोकांडी खाणं, झोकून देणं, ही सगळी त्याचीच भावंडं. आणि चौथ्या वाक्यात 'झोक्यातून फोन आला, पडलाय' असं आलं की चित्र नको तितकं स्पष्ट व्हायचं. आम्ही तो शब्द दोन दिवस जवळ ठेवला आणि मग सोडून दिला. मला तो सोडवत नव्हता.

पाखर हा शब्द आमच्या कागदावर नव्हता.

एका दुपारी काकू आमच्याबरोबर आल्या होत्या. आत दोन मुलं एकदम रडायला लागली, एकाचं पाहून दुसरं. ताई खाली बसली आणि दोघांना दोन बाजूंनी जवळ घेतलं, तिचे हात दोघांच्या पाठीवरून पसरलेले. काकू म्हणाल्या, "बघ, कशी पाखर घालून बसलीय." मी तो शब्दप्रयोग कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पाखर घालणे, पंखाखाली घेणे. मी तो मनात घोळवतेय तोवर त्यातला मुलगा हुंदका देत देत ताईच्या हाताखालून निसटला, पलीकडे पडलेल्या चेंडूपाशी गेला, चेंडूला एक चापट मारली, वळून ताईकडे पाहिलं, परत आला, तिच्या गुडघ्याला हात लावला आणि पुन्हा गेला. पुढच्या वेळी जरा लांब. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आईबरोबर खोलीत आलेल्या वर्ष-दीड वर्षाच्या मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं होतं. आई थोड्या वेळासाठी बाहेर जाते, परत येते. मूल त्या आधी कसं खेळतं, आई परत आल्यावर तिच्याकडे कसं येतं आणि पुन्हा खेळाकडे वळतं का, हे त्या पाहायच्या. विश्वासाचं माणूस ही मुलाची तळछावणी, जिथून ते जग पाहायला निघतं, ही कल्पना त्यांनी रुजवली. मी ती वाचली होती. पण त्या दुपारी चेंडू आणि गुडघा यांच्यामधल्या त्या येरझाऱ्यांत ती मला पहिल्यांदा दिसली. जपणं आणि खेळणं या दोन रांगा नव्हत्याच. आम्ही उगाच मध्ये रेघ मारली होती. मूल खेळत होतं ते पाठीशी पसरलेला हात होता म्हणून.

आणि पाखर या शब्दात पाखरूही होतं. तरुण पालकांना विचारलं तर बहुतेकांना पाखर घालणे माहीत नव्हतं. त्यांना पाखरंच ऐकू आली, टुणटुण उड्या मारणारी, किलबिलणारी. आजी-आजोबांना विचारलं तर त्यांना पंख ऐकू आला. फाटकाशी मुलाला सोडायला आणि न्यायला येणारी माणसं हीच, कधी आई-बाबा, कधी आजी-आजोबा. शब्द एकच, आणि घरातल्या दोन पिढ्या त्याचा एकेक अर्धा भाग ऐकत होत्या. आवाजातही तसंच होतं. सुरुवातीला ओठ आपटणारा प, मग लांबलेला आ, शेवटी र वर विरत जाणं. आईची जागा तो शब्द मागत नव्हता. पंखाखाली थोडा वेळच बसायचं असतं.

शंका होत्याच, आणि त्या आम्ही झाकल्या नाहीत. लढाईतल्या घोड्याच्या अंगावर घालायच्या चिलखती झुलीलाही पाखर म्हणतात. एका आजोबांनी ते सांगितलं आणि स्वतःच म्हणाले, तेही रक्षणच. ती शंका तिथेच मिटली. दुसरी जास्त टोचणारी होती. पाखरू हा शब्द काही लोक मुलींबद्दल बोलताना ज्या सुरात वापरतात, तो सूर मला माहीत आहे आणि मला त्याची किळस आहे. या एका कारणावरून आम्ही एक अख्खा दिवस थांबलो. मैत्रीण शेवटी म्हणाली, तो शब्द पाखरू आहे, आपला पाखर, आणि फाटकाशी तो सूर कुणाच्या तोंडी येणार नाही. मी हो म्हटलं. मनातली कुरकुर पूर्ण गेली नव्हती, आजही गेलेली नाही. तिसरी शंका माझी एकटीची होती, व्याकरणाची. पाखर स्त्रीलिंगी, म्हणजे पाखरेला, पाखरेत? की विशेषनाम म्हणून नुसतं पाखरला? मी मैत्रिणीला समजावून सांगितलं की कानाला पाखरेत हेच बरोबर. तिने ऐकून घेतलं.

मग मुलांची पाळी. नाव पक्कं करण्याआधी ताया आठवडाभर येता-जाता तो शब्द बोलत राहिल्या. 'चला पाखर', 'पाखर उघडली', 'पाखर झोपली'. मूल शब्द अचूक म्हणेल अशी अपेक्षा कुणाचीच नव्हती. पाहायचं एवढंच होतं की मुलाच्या तोंडून शब्द मोडून जो निघतो, तोही बोलावासा वाटतो का, आणि घरच्यांना तो ओळखू येतो का. 'पाखल' आलं. 'पातल' आलं. 'पापल' आलं, आणि एका अगदी छोट्याने नुसतं 'पा' म्हटलं. सगळ्यांचं पहिलं अक्षर शाबूत होतं. एकही आई त्यातलं काही ऐकून दाताकडे पाहायला लागली नाही. त्याच आठवड्यात मैत्रिणीने नावाची नोंदणी तपासून घेतली. व्यापारचिन्हांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत शिक्षणाच्या सेवा एक्केचाळिसाव्या वर्गात येतात, आणि त्या वर्गात, आसपासच्या जागांत, कुणी हेच नाव घेतलेलं नाही एवढी खात्री करून ती परतली.

नवा फलक लागल्यावर महिन्याभरात एक गोष्ट घडली जिचा आम्ही विचारच केला नव्हता. एका सकाळी फाटकाची आतली कडी नीट बसलेली नव्हती. एका बाबाने ती स्वतः लावली आणि मैत्रिणीला म्हणाला, "नाव पाखर आणि कडी उघडी?" तो चिडला नव्हता. पण जुनं नाव असतं तर हे वाक्य त्याला सुचलं नसतं, कारण 'क्रीडांकुर' ने त्याला कसलाच शब्द दिला नव्हता. मैत्रिणीने त्याच दिवशी ती कडी बदलून मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर घेतली, आणि आपोआप मिटणारी बिजागरी बसवली. संध्याकाळी मला म्हणाली, "नाव बदललं तेव्हा वाटलं होतं, आता आपण पालकांना काहीतरी सांगतोय. पण आता तेच मला रोज विचारतात." तेव्हापासून एका ताईकडे चारपेक्षा जास्त मुलं द्यायची नाहीत हेही तिने ठरवून टाकलं. दोन हातांची पाखर किती जणांवर पुरते, ते तिने प्रत्यक्ष बसून मोजलं होतं.

परवा मी सकाळी तिथे गेले होते. फाटकापाशी तोच बाबा, या वेळी दोन्ही बूट मुलाच्या पायात. मूल आत जाताना रडलं, पण थोडंच, आणि आत कुणीतरी 'बुवाऽ' म्हटल्यावर वळून तिकडे पाहायला लागलं. बाबाचा फोन वाजला. मी मुद्दाम थांबले.

"हो, सोडलं. पाखरात आहे."

पाखरेत नव्हे, पाखरात. मी मनातल्या मनात चूक दुरुस्त केली आणि तशीच ठेवून दिली. दुपारी तो मुलगा मला म्हणाला, "पापलात," आणि चेंडूंच्या टोपलीत जाऊन बसला.